लहान मुलांना काय देता?

"नॉट स्पायसी" असं ती पोरगी हसून म्हणाली आणि माझ्या पोटात गोळा आला.

पोरगी गोड होती. गळ्यात बारीक सोन्याचा क्रॉस, अंगावर काळा एप्रन. आम्ही बसलो होतो सिल्व्हर स्प्रिंगमध्ये, वॉशिंग्टनला खेटून असलेल्या गावात. तिथे इथिओपियन लोकांची मोठी वस्ती आहे, त्यामुळे हॉटेलंही भरपूर. भाचा म्हणाला, "मावशी, रोज काय पोळी-भाजी करत बसतेस, चल." आणि मी शनिवारी दुपारी तिथे जाऊन बसले. समोरच्या मेन्यूतला एकही शब्द ओळखीचा नव्हता.

आता "तिखट नाही" या दोन शब्दांवर माझा काडीचा विश्वास नाही. त्याला कारण नागपूर.

मी आठ-नऊ वर्षांची असेन. आम्ही पुण्याची माणसं, आमटीत गूळ घालणारी. काकांची बदली नागपूरला झालेली, म्हणून मे महिन्याच्या सुट्टीत गेलो होतो (मे महिन्यात नागपूर, म्हणजे आमच्या घरात नियोजन कोण करायचं ते समजा). काका आम्हाला एका सावजी खानावळीत घेऊन गेले. खानावळ म्हणजे एका बाईंच्या घराची पुढची खोली. दोन बाकडी, आत चूल. पाटवडी रस्सा आला. रश्शाचा रंग काळपट लाल, वर बोटभर तर्री. आईने विचारलं, "तिखट आहे का?" काका म्हणाले, "छे, तिखट कुठे, मसालेदार आहे." मी पहिला घास घेतला. पुढचं मला फक्त कानांनी आठवतं, कारण डोळ्यांना दिसत नव्हतं. काका म्हणत होते, "पाणी पी, पाणी पी." पाण्याने ते आणखी पसरलं.

तेव्हा आई उठली आणि सरळ आतल्या दारापाशी जाऊन उभी राहिली. त्या बाईंना म्हणाली, "तुमची लहान मुलं काय जेवतात हो?" बाई हसल्या. त्यांनी त्यांच्याच घरातला वरण-भात एका ताटलीत वाढला, वर तुपाची धार, बाजूला रश्शात न पडलेली कोरडी पाटवडी. ती पाटवडी अजून जिभेवर आहे. रस्सा कमी तिखट करून द्या असं काही आई म्हणाली नव्हती. तो होणारच नव्हता. सकाळी शिजलेल्या पातेल्यातलं तिखट दुपारी कोण आणि कसं काढणार?

तर सिल्व्हर स्प्रिंग. पोरगी वही घेऊन उभी. मला आई आठवली आणि मी माझ्या मोडक्या इंग्रजीत विचारलं, "तुमच्या घरी लहान मुलांना काय वाढता?"

तिचा चेहराच बदलला. मेन्यू तिने मिटून ठेवला, खुर्चीच्या पाठीला टेकली आणि बोलायला लागली. म्हणाली, अलिचा. मुलांना अलिचा देतो.

पुढच्या पाच मिनिटांत मला जे समजलं त्यावर मी आता कुठल्याही इथिओपियन हॉटेलात मान वर करून जाऊ शकते. त्यांच्या रश्श्याला म्हणतात वॉत. वॉत म्हटलं की लाल, कारण त्यात बर्बरे पडतं. बर्बरे म्हणजे त्यांचा मसाला: वाळलेल्या लाल मिरच्या, त्यात मेथी, आलं, लसूण, वेलदोड्याच्या जातीचं कोरारिमा आणि आणखी बरंच काही. आधी भरपूर कांदा बारीक चिरून बिनतेलाचा, मंद आचेवर परतत राहायचा. तो अगदी मऊ झाला की मग तेल किंवा तूप आणि बर्बरे, आणि पुन्हा बराच वेळ शिजवायचं. म्हणजे मसाला वरून भुरभुरलेला नसतो, तो कांद्यात मुरलेला असतो. आणि पातेलं सकाळीच तयार. तिथे "जरा कमी तिखट करा" म्हणण्यात काही अर्थ नाही. अगदी नागपूर.

अलिचा म्हणजे बर्बरे नसलेला रस्सा. हळद, आलं, लसूण, कांदा. रंग पिवळा. किक अलिचा तिने मला दाखवला, शेजारच्या टेबलावर जाणाऱ्या ताटात. सोललेल्या वाटाण्याची पिवळीधमक डाळ. मी म्हटलं, हे तर वरण! ती म्हणाली, काय? मी म्हटलं, काही नाही, आणा.

यावर भाच्याने शहाणपण केलं. "मावशी, रंगावरून कळतंय ना, मग लाल सोडून काहीही मागव." मीही मान डोलावली. या मान डोलावण्याचा हिशोब पुढे येतो.

पोरीने मग विचारलं, मांस खाता का? नाही म्हटल्यावर ती म्हणाली, मग तुमच्यासाठी उपासाचं ताट. मी भाच्याकडे बघितलं. शनिवारी कसला उपास? मनात साबुदाण्याची खिचडी येऊन गेली. पण त्यांचा उपास वेगळा. तिथल्या ऑर्थोडॉक्स ख्रिश्चनांचा बुधवार आणि शुक्रवार उपासाचा, शिवाय ईस्टरच्या आधी सलग पंचावन्न दिवस. त्या दिवसांत मांस, दूध, तूप, अंडी बंद. डाळी आणि भाज्या चालतात. वर्षातले इतके दिवस डाळी-भाज्यांवर काढायचे म्हटल्यावर त्या चवीच्या करणं आलंच. सगळ्यांतलं थोडं थोडं एका ताटात वाढलं की ते बेयायनेतू, आणि हॉटेलात ते रोज मिळतं. आमचे आजोबा एकादशीला दोन वेळा साबुदाणा आणि वर रताळ्याचा कीस खायचे, त्यांना हे पंचावन्न दिवस कळले असते तर त्यांनी आदराने हात जोडले असते आणि रताळं पुढे ओढलं असतं.

भाचेसुनेला गव्हाचं चालत नाही, म्हणून तिने आपला प्रश्न विचारला. इंजेरा म्हणजे त्यांची भाकरी म्हणा, आंबोळी म्हणा, टेफ नावाच्या खसखशीएवढ्या धान्याची. टेफला ग्लुटेन नसतं. पण देशाबाहेरच्या हॉटेलांत पुष्कळदा त्यात गव्हाचं किंवा जवाचं पीठ मिसळतात. त्यामुळे "इंजेरा टेफचा आहे का" असं विचारून भागत नाही, "फक्त टेफचा आहे का" असं विचारावं लागतं. पोरगी आत जाऊन आली आणि म्हणाली, रोजचा मिश्र आहे, निव्वळ टेफचा हवा तर आदल्या दिवशी सांगावं लागतं. सुनेने भात मागवला. कुणाचं काही बिघडलं नाही.

ताट आलं. ताट म्हणजे मोठी परात, परातीएवढाच एक इंजेरा पसरलेला, करडा-तपकिरी, वरून जाळीदार. त्यावर ढीग: किक अलिचा, कोबी-बटाटा-गाजराची हळदीची भाजी, गोमेन म्हणजे हिरवा पाला, आणि मधोमध मिसिर वॉत, मसुरीचा, लालभडक. बाजूला गुंडाळ्या केलेले आणखी इंजेरे, घडी घातलेल्या नॅपकिनांसारखे. चमचा नाही. तुकडा तोडायचा, त्याने चिमटीत भाजी पकडायची, तोंडात. उजव्या हाताने. आंबट लागतं, आंबोळीपेक्षा जास्त आंबट, आणि स्पंजासारखं मऊ.

आणि इथे मला एक गोष्ट दिसली, जी आधी सुचायला हवी होती. मधला लाल रस्सा हळूहळू पसरत होता. खालचा इंजेरा तो शोषून घेतो आणि पिवळ्या डाळीच्या बुडाशी लाल कड यायला लागते. एका ताटात तिखट न खाणारा आणि तिखट खाणारा बसणार असतील तर लाल पदार्थ वेगळ्या वाटीत मागवावेत. मी पोरीला खुणावलं, तिने लगेच वाटी आणली आणि मसूर त्यात काढली. उरलेल्या लाल डागापासून मी माझा कोपरा राखून जेवले, शाळेत बाकावर खडूची रेघ मारून बसायचो तसं.

शिरो पण मागवला. मेन्यूत लिहिलं होतं, चण्याचं पीठ. पिठलंच की! पण नागपूर आठवून विचारलं, यात बर्बरे आहे का? आहे, म्हणाली, पिठातच मिसळलेलं असतं. मग दुसरा कुठला आहे का? नेच शिरो आहे, म्हणाली, नेच म्हणजे पांढरा. तो बिनबर्बरेचा. "तिखट आहे का" असं विचारलं असतं तर तिने पुन्हा हसून नाही म्हटलं असतं, आणि तिच्या हिशोबाने ते खरंही असतं. तिची जीभ बर्बरेवर वाढलेली. पण बर्बरे आहे की नाही, हे काही जिभेवर अवलंबून नाही. ते एक तर पडलंय किंवा नाही.

नेच शिरो आला तो काळ्या मातीच्या भांड्यात, रटरटत. पहिला घास आणि मी गप्प. भाचा म्हणाला, "काय गं, तिखट आहे?" नाही. आमच्या घरच्यापेक्षा पातळ, कढीपत्ता नाही, मोहरी नाही, तरी पिठलं. आंबोळीबरोबर पिठलं खातेय असं वाटलं, हे आईला फोनवर कसं सांगायचं याचा मी विचार करत होते.

आणि त्याच विचारात माझा हात परातीच्या कडेला गेला. तिथे टोमॅटो-कांद्याची कोशिंबीर होती. गार, ओली, लिंबू पिळलेली, दिसायला अगदी आपल्या घरची. ना बर्बरे, ना शिजवलेलं. मी मोठा घास घेतला.

हिरवी मिरची. कच्ची. बारीक चिरून टोमॅटोच्या बियांमध्ये लपलेली.

डोळ्यांसमोर नागपूर उभं राहिलं. भाचा म्हणाला, "पाणी पी, पाणी पी." मी हाताने नको म्हटलं, इतकं तरी मी नऊ वर्षांची असताना शिकले होते. पोरगी धावत आली, माझ्याकडे बघितलं आणि आतून एका वाटीत आयिब घेऊन आली, पनीरासारखं ताजं, भुसभुशीत, पांढरं. उपासाच्या ताटात दूध नसतं, म्हणून ते ताटात नव्हतं. दोन चमचे खाल्ल्यावर मला पुन्हा दिसायला लागलं.

"ती कोशिंबीर मुलांना देत नाही," ती म्हणाली. "तुम्ही विचारलं नाही."