थंडीतली खातेवही

आमचा धंदा एसी आणि फ्रीजच्या सुट्या भागांचा. गिऱ्हाईक म्हणजे मेकॅनिक आणि छोटे दुकानदार. उन्हाळ्यात श्वास घ्यायला फुरसत नसते, थंडी पडली की फोन मुके होतात.

सुरुवातीला मी यावर सवलतीचा उपाय केला. थंडीतच कॉम्प्रेसर उचला, पैसे उन्हाळ्यात द्या. दोन महिन्यांची विक्री बघून मी खूश! मग सीझन उघडला, आणि पहिल्या महिन्यात त्याच लोकांच्या ऑर्डरी जवळपास तेवढ्याच कमी झाल्या. नवं काहीच विकलं नव्हतं. उन्हाळ्याची विक्री सवलतीत आधी उरकली होती, वर उधारी फुगली ती वेगळीच.

पुढच्या थंडीत दुसरी बाजू धरली. खात्यांची यादी काढली, पण येणे बाकीप्रमाणे नाही. गेल्या थंडीत ज्यांनी माल नेला आणि यंदा नेला नाही, ते वेगळे काढले. धंदाच हंगामी, तेव्हा नुसतं 'दोन महिने ऑर्डर नाही' यावरून काही कळत नाही. गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी ताडलं तरच गप्प कोण आणि गेलेला कोण ते दिसतं. असे तीसेक निघाले.

त्यातला एक जुना दुकानदार. आमच्या वहीत त्याची मोठी बाकी, म्हणून आमचा वसुलीचा मुलगा दर आठवड्याला फोन करी आणि तो उचलत नसे. शेवटी मीच वही घेऊन गेलो. त्याने आपली वही उघडली. एकेक बिल लावत गेलो आणि फरक नेमका दोन कॉम्प्रेसरचा निघाला. वॉरंटीत परत आलेले. कंपनीकडचा क्लेम अडकला होता, म्हणून त्यांची रक्कम बाकीतून वजा करणारी क्रेडिट नोटच आम्ही काढली नव्हती. तो बिचारा भांडण नको म्हणून दुसरीकडून रोखीने माल घेत होता. नोट तिथेच लिहून दिली. उरलेली बाकी त्याने दोन हप्त्यांत भरली. ऑर्डर मात्र दुसऱ्याच दिवशी आली, सहा कपॅसिटर आणि एक फॅन मोटर.

तेव्हापासून वह्यांची मिळवणी थंडीतच करतो आणि त्या फेरीत मोठा माल पुढे करत नाही. फ्रीज बारा महिने चालतो, त्याचे थर्मोस्टॅट आणि दाराचे रबर खपतात. बंद एसी धुवायला घेतले की मेकॅनिकला कपॅसिटर लागतात. रक्कम किरकोळ असते, पण खात्यावर बिल पडतं. क्लेमवाल्या सगळ्याच खात्यांचं जमलं नाही. काहींशी फरक आजही सुटलेला नाही, आणि दोघांनी उरलेले पैसे चुकते करून खातं बंद केलं.

चार कपॅसिटर पोचवायला गाडी काढायची म्हटली की आमचा मुलगा अजूनही कुरकुरतो. मी त्याला पाठवतोच, आणि जाताना खातेउतारा सोबत देतो.