लाडवांच्या डब्यावरची चिठ्ठी

आज दादा-वहिनीकडे बाळाला बघायला गेले, झबली-टोपडी ढिगाने आलेली म्हणून डिंकाच्या लाडवांच्या डब्यावर एक चिठ्ठीच चिकटवली, रात्री २ ला दूध पाजताना काय बघायचं त्याची. 'गुल्लक', पहिल्या सीझनला ५ च एपिसोड आणि भांडणं सगळी घरातलीच, मधेच डुलकी लागली तरी काही हुकत नाही. १९८६ चं 'मालगुडी डेज', बहुतेक गोष्टी एका भागात संपतात. आणि डोळे अगदीच मिटत असतील तर 'ब्लूई', ७ मिनिटांत खेळ खल्लास. खाली मोठ्या अक्षरात लिहिलं, आवाज म्यूट, सबटायटल चालू आणि ऑटोप्ले बंदच ठेवा, नाहीतर बाळ झोपतं आणि आपण पहाटेपर्यंत टक्क जागे (माझं झालंय हे!!). मर्डरवाल्या सिरीज मुद्दाम नाही टाकल्या. दादाने चिठ्ठी वाचली आणि म्हणाला, यात क्रिकेट कुठंय?