निरभ्र दुपारी सोलर निम्मंच का चालत होतं

छतावर 540 वॅटची दहा पॅनेलं, एकाच माळेत जोडलेली, आणि खाली 5 किलोवॅटचा इन्व्हर्टर. आकाशात ढगाचा ठिपका नाही, ऊन अगदी डोक्यावर, आणि स्क्रीनवर आकडा 2.3 किलोवॅट. ज्याने सिस्टिम बसवली त्याचं म्हणणं एकच, पॅनेलं धुवून घ्या. धुतली. आकडा जवळपास तिथेच राहिला.

पूर्ण 5.4 किलोवॅट मिळणार नाहीत हे मी धरलंच होतं. पॅनेलवरचा आकडा 25 अंश तापमानाला मोजलेला असतो, आणि भर दुपारी पॅनेल 60 अंशांपर्यंत सहज तापतं. प्रत्येक अंशामागे साधारण 0.35 टक्के वीज घटते, म्हणजे 35 अंशांना बारा टक्के गेले. थोडी धूळ, थोडी वायरमधली घट धरली तरी 4.4 किलोवॅटच्या आसपास यायला हवेत. निम्मी वीज उन्हाने खाल्ली, हे काही पटणारं नव्हतं.

मग इन्व्हर्टरच्या मेनूत जाऊन पॅनेलकडून येणारे व्होल्ट आणि अँपिअर वेगवेगळे पाहिले. किलोवॅटचा एकटा आकडा काहीच सांगत नाही, ही जोडी मात्र बरंच सांगते. माझ्या पॅनेलच्या लेबलवर पूर्ण काम करतानाचं व्होल्टेज 41.5 आहे. तापल्यावर ते साडेछत्तीसपर्यंत उतरतं, म्हणजे दहा पॅनेलांचे 365 व्होल्ट. स्क्रीनवर होते 432 व्होल्ट आणि फक्त 5.4 अँपिअर.

व्होल्टेज 365 पेक्षा बरंच खाली असतं, तर एखाद्या पॅनेलचा भाग सावलीने किंवा बिघाडाने बाद झालाय असा संशय घेतला असता. इथे उलट होतं. काहीच भार नसताना तापलेली माळ साधारण 448 व्होल्ट दाखवते, आणि माझी माळ त्याच्या जवळ जाऊन बसली होती. पॅनेलं वीज द्यायला तयार होती, इन्व्हर्टरच ती मुद्दाम कमी घेत होता.

घेत का नव्हता, ते दुसऱ्या पानावर दिसलं. बाहेर जाणारं एसी व्होल्टेज 253 च्या आसपास घुटमळत होतं. माझ्या इन्व्हर्टरची सेटिंग अशी की 253 ओलांडायला लागलं की तो आपणहून उत्पादन कमी करतो. दिवसाच्या आलेखातही तेच होतं: सकाळी चढ नीट, दोन-सव्वादोन किलोवॅटला पोहोचलं की डोंगराचा माथा कापल्यासारखी करवती रेघ.

वायरमन आले तेव्हा एकाच वेळी दोन ठिकाणी मोजायला सांगितलं. इन्व्हर्टरच्या टोकाला 253, मीटरजवळच्या बोर्डावर 245. मधले आठ व्होल्ट साठ मीटर वायरमध्ये जात होते. वायर अडीच स्क्वेअर एमएमची. तिचा रोध किलोमीटरला सुमारे 7.4 ओहम, जाऊन-येऊन 120 मीटरला 0.89 ओहम. नऊ अँपिअर गेले की आठ व्होल्ट, हिशोब बरोबर जुळला. वायरमन म्हणाले, "वायर गरम तर होत नाही, मग चालतेय की." त्यांचं म्हणणं चूक नव्हतं, वायर जळण्याचा धोका नव्हता. पण सोलरमध्ये वीज उलट्या दिशेने जाते. ती ढकलायला इन्व्हर्टरला आपल्या टोकाचं व्होल्टेज ग्रिडपेक्षा वर न्यावं लागतं, आणि वायर जितकी बारीक आणि लांब तितकं जास्त वर. वायर निवडताना अँपिअर सोसण्याइतकाच हा चढही मोजायला हवा, आणि तो कुणी मोजलेलाच नव्हता.

सेटिंग 253 वरून वाढवून टाका, असाही सल्ला मिळाला. मी तो ठाम नाकारला. ती मर्यादा वीज कंपनीच्या नियमाने ठरते. शिवाय ती वाढवली की ग्रिडवर आणखी जास्त व्होल्टेज ढकललं जातं, ते शेजाऱ्यांच्या उपकरणांनाही सोसावं लागतं.

दोन्ही बाजूंचे मेन स्विच बंद करून दहा स्क्वेअर एमएमची वायर ओढून घेतली. तिचा रोध किलोमीटरला 1.83 ओहम. पुढच्या स्वच्छ दुपारी बोर्डावर 246, इन्व्हर्टरला 250, आणि पॅनेलांकडचं व्होल्टेज 366 वर उतरलेलं. उत्पादन 4.4 किलोवॅट.

हे जमलं ते बोर्डावर 245 होते म्हणून. तिथेच, सोलर बंद असताना, 252 दिसले असते तर कितीही जाड वायर टाकून उपयोग नव्हता. मग तक्रार वीज कंपनीकडेच न्यावी लागली असती, ट्रान्सफॉर्मरचं व्होल्टेज उतरवण्यासाठी. म्हणून वायरला हात लावण्याआधी सोलर बंद करून बोर्डावरचे व्होल्ट मोजावेत.