मंगळवारचा हप्ता

"ताई, बँकेचं व्याज निम्मं असताना मायक्रोफायनान्सचं कर्ज का घेतलंत? आणि साठवलेले पैसे होते ना तुमच्याकडे?"

होते. चार वर्षं भिशी भरून जमवलेले ५५ हजार. ते सगळे मी कांडप मशीनला घातले, कारण स्वतःच्या पैशाला हप्ता नसतो. मशीन वर्षानुवर्षं चालणार, तिच्यासाठी बँकेचं तीन वर्षांचं कर्ज काढायला हवं होतं. सरकारच्या मुद्रा योजनेत, शिशु प्रकारात, ५० हजारांपर्यंत तारणाशिवाय मिळतं. पण मी बँकेत गेले ती मशीन घेऊन झाल्यावर, मिरचीसाठी. साहेबांनी खात्यावरची उलाढाल आणि विक्रीच्या पावत्या मागितल्या. लोकांची चटणी कुटून देणाऱ्या बाईकडे पावत्या कुठल्या? फेऱ्या मारता मारता मार्च संपत आला. सांगलीच्या बाजारात नवी ब्याडगी मिरची आलेली, आणि मला तयार चटणी विकायची होती. मायक्रोफायनान्सच्या बायकांच्या गटातून आठवड्यात ४० हजार हातात पडले.

आता व्याजाचं. २४ टक्क्यांनी, घटत्या शिलकीवर, वर्षाचे पाच हजार गेले. बँकेच्या १२ टक्क्यांनी अडीच हजारांच्या थोडं वर गेले असते. तेवढा फरक हंगामात मिरची घेतल्यामुळे भरून निघाला. मला जड गेले ते दर मंगळवारचे ८७० रुपये. एप्रिल-मे कांडपाची गर्दी, तेव्हा हप्ता जाणवलाही नाही. जूनच्या मध्यावर पाऊस लागला आणि मशीन गप्प झाली. पैसा डब्यांत चटणी होऊन बसला होता, उरलेला उधारीत.

जुलैतल्या एका मंगळवारी माझ्याकडे ५७० होते. मीटिंग शेजारच्या वहिनींच्या सोप्यात. एकीचा हप्ता कमी पडला की बाकीच्यांनी भरायचा, हे सही करताना ऐकलं होतं. मायक्रोफायनान्सचे साहेब वही उघडून बसलेले, आम्ही नऊ जणी खाली मान घालून. एकीचं बाळ रडत होतं, तरी तिला उठता येईना. शेवटी वहिनी आत गेल्या आणि कंपासपेटी घेऊन आल्या. पोरीच्या वह्यांसाठी ठेवलेले तीनशे रुपये, दहा-वीसच्या नोटा. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. पुढच्या आठवड्यात मी पैसे परत केले, पण त्यानंतर दोन महिने त्या माझ्याकडे चहाला आल्या नाहीत.

रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांत सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून घराच्या महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यावर जाऊ नयेत असं आहे. माझं उत्पन्न वर्षाचं काढून बाराने भागलं, म्हणून मी नियमात बसले. जुलैत घरात काय येतं, हे कुणी विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

भिशीतले वीस हजार बाजूला ठेवले असते तर पावसाळा निघाला असता, असं मी स्वतःला सांगते. मग आठवतं, वीस हजार कमी पडले असते तर मशीनच आली नसती, आणि बँकेने तेव्हा तरी मला उभं केलं असतं का? यंदा मार्चमध्ये पुन्हा मिरची घ्यायची आहे. बँकेत अर्ज दिलाय. गटातल्या बायकांनीही विचारलंय, आणि त्यांना मी अजून नाही म्हटलेलं नाही.