बोली वाढवली, तरी आमचं पान अठराव्या जागीच

वडोद्यात दांडिया बाजारात बाबांचं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे. सूर लावणं, भाता बदलणं, पट्ट्या बसवणं अशी कामं तिथे होतात. दोन वर्षांपूर्वी मी दुकानाची साधी वेबसाइट केली आणि एका एजंटाच्या सांगण्यावरून गूगलवर जाहिरात सुरू केली. दिवसाला दोनशे रुपयांची मर्यादा आणि एका क्लिकला जास्तीत जास्त दहा रुपयांची बोली ठेवली. दुसऱ्याच दिवशी बाबांनी मोबाइलवर harmonium repair vadodara टाकून पाहिलं, तर आमचं नाव सगळ्यात वर! त्यांनी मामांना फोन करून सांगितलंसुद्धा.

तीन महिन्यांनी पैसे आटले म्हणून जाहिरात थांबवली, आणि नाव गायब झालं. एजंट म्हणाला, "बोली वधारो, नंबर उपर आवशे. अमुक महिने पैसे भरले की जागा पक्की होते." मी पंधरा दिवस बोली पंचवीस रुपये केली. नाव पुन्हा वर आलं. पण या वेळी मी ते नाव नीट न्याहाळलं.

वरच्या ओळींच्या माथ्यावर बारीक अक्षरांत Sponsored असं लिहिलेलं होतं. बाबांनी तो शब्द कधी वाचलाच नव्हता, कारण त्यांची नजर थेट दुकानाच्या नावावर जायची. ही खूण कधी प्रत्येक जाहिरातीवर असते, तर कधी दोन-तीन जाहिरातींवर मिळून एकच शीर्षक असतं. तेव्हा दुसऱ्या-तिसऱ्या ओळीवर काही लिहिलेलं नाही म्हणून ती जाहिरात नाही असं धरू नये, वर जाऊन शीर्षक बघावं. पानाच्या तळाशीही जाहिराती असतात आणि नकाशातल्या दुकानांच्या यादीतही एखादी मिसळलेली असते. आणखी एक खूण मला आमच्याच साइटवर सापडली. जाहिरातीवरून आलं की वरच्या पत्त्याच्या शेपटीला ?gclid= आणि पुढे लांबलचक अक्षरं यायची, खालच्या साध्या दुव्यावरून आलं की पत्ता स्वच्छ असायचा. मात्र ही शेपटी प्रत्येक जाहिरातीला असेलच असं नाही, म्हणून खरी खूण Sponsored हीच.

मग आमचं साधं पान होतं तरी कुठे? त्यासाठी मी सर्च कन्सोल हे साइटच्या मालकांसाठीचं गूगलचं साधन उघडलं. त्यात फक्त बिनपैशाच्या निकालांचा हिशेब असतो, जाहिरातीचे क्लिक तिथे येतच नाहीत. याच शोधासाठी आमची सरासरी जागा दहा रुपयांच्या काळात १८.२, जाहिरात बंद होती तेव्हा १७.९ आणि पंचवीस रुपयांच्या पंधरवड्यात १८.१. म्हणजे दुसऱ्या पानावर, जिथे होती तिथेच.

कारण समजल्यावर मला हे अगदी सरळ वाटलं. जाहिरातीच्या जागेसाठी प्रत्येक शोधाच्या वेळी नवा लिलाव होतो. त्यात बोली बघतात, शिवाय जाहिरात शोधाला किती जुळते, उघडणारं पान किती उपयोगी आहे हेही बघतात, म्हणून तिथेसुद्धा नुसती मोठी बोली पुरत नाही. खालची यादी वेगळ्या यंत्रणेतून येते: गूगलचा बॉट पान वाचतो, त्याची नोंद ठेवतो आणि मजकूर, दुवे वगैरेंवरून क्रम लावतो. त्या हिशेबात बोली नावाचा आकडाच नाही. पैसे भरून जागा पक्की होत असती तर ज्याच्याकडे पैसा त्याचंच उत्तर वर दिसलं असतं, आणि नीट पेटी दुरुस्त करणारा शोधणाऱ्याच्या हाती लागला नसता. जाहिरात पाहून कुणी आपलं नाव लक्षात ठेवलं, पुढे आपल्या पानाचा दुवा कुठे दिला, तर त्याचा फायदा होऊ शकतो. पण तो त्या माणसामुळे, बोलीच्या आकड्यामुळे नव्हे.

आता आमच्या पानाकडे बघितलं तर दोष उघड होता. पानाचं शीर्षक नुसतं Home होतं आणि कामांची सगळी यादी एका फोटोत होती. शीर्षकात मी "हार्मोनियम दुरुस्ती, दांडिया बाजार, वडोदरा" घातलं, तेच गुजराती आणि इंग्रजीतही लिहिलं. फोटोतली यादी मजकुरात उतरवली. बाबांकडून विचारून लिहिलं की भात्यातून हवा गळते हे कसं ओळखायचं: सगळे स्टॉप बंद करून भाता भरायचा आणि तो किती वेळात बसतो ते बघायचं. सात आठवड्यांनी सरासरी ९.४ झाली. त्या काळात जाहिरातीवर एक रुपयाही गेला नव्हता.

एजंटाचे पुढचे पैसे आम्ही दिले नाहीत. जाहिरात मात्र कायमची सोडलेली नाही. गणपतीच्या आधी महिनाभर भजनी मंडळांच्या पेट्या येतात, तेवढ्यापुरती ती चालू करतो. बोली दहाच रुपये. आणि बाबा आता सकाळी मोबाइल उघडला की आधी Sponsored शोधतात, मग त्याच्या खालून मोजायला लागतात.