पावती क्रमांक 137

परभणी जिल्ह्यात गोदाकाठच्या आमच्या गावात सप्ताह संपला की देणगीचा हिशेब माझ्याकडे असतो. यंदा काल्याच्या दुसऱ्या दिवशी रोकड मोजली आणि नोंदवहीपेक्षा 501 रुपये जास्त निघाले. कमी भरले असते तर सगळे धावले असते. जास्त म्हटल्यावर अध्यक्ष म्हणाले, “सर, गुप्तदानात टाका की.”

मन मानेना. शंभर पावत्यांची तीन पुस्तकं तिघांकडे दिली होती. शीटमध्ये पावती क्रमांकाशेजारी एक रिकामा रकाना घेतला आणि वरचा आकडा खालच्यातून वजा केला:

```
=A3-A2
```

उत्तर सगळीकडे 1 यायला हवं. 164 नंतर एकदम 201, तिथे 37 आले. ते बरोबरच होतं, दुसरं पुस्तक 164 वर थांबलं होतं. पण 136 च्या खाली 2 आले. 137 नव्हतीच.

पुस्तक उघडलं तर मूळ प्रतही नाही, स्थळप्रतही नाही. “रद्द लिहा,” कुणीतरी सुचवलं. पण रद्द पावतीच्या दोन्ही प्रती पुस्तकातच राहायला हव्यात. आणि 501 रुपये देणाऱ्या माणसाच्या हातातला कागद मी रद्द कसा म्हणू? पुस्तक सांभाळणाऱ्या पोराला 136 आणि 138 ची नावं वाचून दाखवली, तेव्हा त्याला आठवलं: दोघांच्या मधे वेशीजवळच्या मावशी होत्या. मावशींनी पोथीतून घडी काढली. पांढऱ्या पानाला खालचं गुलाबी पान चिकटूनच फाटलं होतं. गुलाबी पान आणून त्याच्या जागी डकवलं.

मग एकाहून जास्त वेळा देणारे मोजले. नावावरून मोजले तर नऊच निघाले, कारण एकच माणूस कुठे आडनावाने, कुठे ‘पाटील’ म्हणून लिहिलेला. म्हणून मोबाइल क्रमांक धरला, आधी त्यातल्या मोकळ्या जागा काढल्या:

```
=COUNTIF(C$2:C2,C2)
```

हे सूत्र खाली ओढलं की प्रत्येक ओळीत ती त्या क्रमांकाची कितवी पावती ते दिसतं. जितके 2, तितके पुन्हा देणारे. नुसत्या एकाहून जास्त वेळा आलेल्या क्रमांकांच्या ओळी मोजल्या असत्या तर 61 आल्या असत्या. त्या पावत्या झाल्या, देणारे 25. अर्थात एका घरात एकच मोबाइल असेल तर हे घर मोजणं होतं, माणूस नव्हे. तसं विश्वस्तांना लिहूनच दिलं:

“पावती क्र. 1 ते 164 व 201 ते 248, एकूण 212. पैकी 2 रद्द, दोन्ही प्रती पुस्तकात आहेत. क्र. 137 ची स्थळप्रत देणगीदाराकडून परत घेऊन डकवली. रोकड आता जुळते. 25 मोबाइल क्रमांकांवरून एकाहून अधिक वेळा देणगी आली. एका क्रमांकामागे एक घर असू शकते.”

बैठकीत सगळ्यात वयस्कर विश्वस्तांनी चष्मा वर करून विचारलं, “मग 165 ते 200 कुठं हायेत?” मी पुस्तक त्यांच्यासमोर ठेवलं. अंगठ्याला थुंकी लावून त्यांनी कोऱ्या पावत्या एकेक मोजल्या. छत्तीस.