जॉइनिंगची चेकलिस्ट कात्रीने कापली त्याची गोष्ट

गेल्या नोव्हेंबरची गोष्ट. १७ तारखेला सोमवारी आमच्या खराडीच्या ऑफिसात एक पोरगा जॉइन झाला, मूळचा उदगीरचा, पहिलीच नोकरी. गुरुवारी दुपारी चहा घ्यायला पँट्रीत गेले तर हा एकटाच मोबाईल बघत बसलेला. म्हटलं काय रे, कसं चाललंय, तर उठून उभाच राहिला आणि म्हणाला, "मॅम, लॅपटॉप अजून मिळाला नाही, चार दिवस पॉलिसीचं पीडीएफच वाचतोय मोबाईलवर."

मी जागेवर येऊन त्याची चेकलिस्ट उघडली. ३४ ओळींपैकी २३ वर टिक. 'लॅपटॉप दिला' या ओळीवरसुद्धा टिक! आयटीत गेले तर तिथला दादा शांतपणे म्हणाला, अहो दिलाय की, रजिस्टरला त्याच्या नावावर चढवलाय, हा बघा कपाटात आहे. म्हणजे त्यांच्या हिशोबाने 'दिला' म्हणजे नावावर लावला, आणि पोराच्या हिशोबाने 'दिला' म्हणजे हातात आला. कपाटातून बाहेर का नाही निघाला तर ईमेल आयडीच तयार नव्हता, आणि आयडी नाही तर लॉगिन कशाने सेट करणार.

मी एचआरमध्ये आहे, पण ही लिस्ट मी केलेली नाही, माझ्या आधीच्या ताईंनी केलेली. माझ्या वरच्या मॅडमना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मग बस आणि पूर्ण तपासून काढ. दोन दिवसांत होईल असं वाटलं होतं, अडीच आठवडे गेले.

पहिल्यांदा मी जे केलं ते चुकलंच. एक्सेल उघडून वरून खाली वाचत गेले आणि प्रत्येक ओळ बरोबरच वाटत होती. ईमेल तयार करणे, बरोबर. पोर्टलवर माहिती भरणे, बरोबर. वाचून काही सापडत नाही हो, कारण सगळं आपल्याला माहीत असतं आणि मधल्या गाळलेल्या जागा डोकं आपोआप भरून काढतं. मग मी त्या पोरालाच घेऊन बसले आणि म्हटलं, सोमवार सकाळपासून सांग, काय काय झालं, किती वाजता, कोणाला विचारलंस. त्याला वेळा कशा आठवणार असं वाटलं, पण रोज रात्री बहिणीला व्हॉट्सॲपवर सगळं सांगायचा, ते बघून बघून सांगत गेला. सोमवारी साडेनऊला गेटवर, नाव यादीत नाही म्हणून सिक्युरिटीच्या काकांनी ४० मिनिटं बसवलं. अकरा ते एक फॉर्म. जेवायला कुठे जायचं माहीत नाही म्हणून बाहेर जाऊन वडापाव. ही लिस्टमध्ये नसलेली कामं बघा, गेटला नाव कळवणं आणि पहिल्या दिवशी कुणीतरी जेवायला सोबत नेणं. आणि त्याच्या मॅनेजरने पूर्ण आठवड्यात काय करायचं याची एकही ओळ नव्हती, एकही नाही. एचआर, आयटी, ॲडमिन, अकाउंट्स असे चार गट होते, ज्याच्या हाताखाली तो काम करणार त्याचा गटच नाही.

तिथे मला कळलं की लिस्ट डिपार्टमेंटच्या क्रमाने लिहिलीय. आधी एचआरची सगळी कामं, मग आयटीची, मग बाकीची. माणूस काही तसा आठवडा जगत नाही ना.

म्हणून प्रिंट काढली आणि कात्रीने ३४ पट्ट्या कापल्या. कॉन्फरन्स रूममध्ये फरशीवर बसून प्रत्येक पट्टीच्या मागे पेनाने लिहिलं, 'याच्या आधी काय झालेलं पाहिजे?' ज्याच्या आधी काहीच लागत नाही ती पट्टी डाव्या भिंतीशी, बाकीच्या आपापल्या आधीच्या पट्टीच्या उजवीकडे. हाऊसकीपिंगच्या मावशी झाडायला आल्या आणि बघून म्हणाल्या, ताई भिशीच्या चिठ्ठ्या का? पण या खेळात तासाभरात जे दिसलं ते एक्सेलमध्ये महिनाभर दिसलं नसतं, कारण तीन पट्ट्या हातातच राहिल्या, कुठेच ठेवता येईनात.

ईमेल आयडीला एम्प्लॉयी कोड लागतो. एम्प्लॉयी कोड निघतो पोर्टलवर स्वतःची माहिती भरल्यावर. आणि पोर्टलची लिंक जाते कंपनीच्या ईमेल आयडीवर. झालं, गोल! लिस्टप्रमाणे तंतोतंत वागलं तर कुणालाच लॅपटॉप मिळू शकत नव्हता. मग इतकी वर्षं चाललं कसं? आधीच्या ताईंना फोन केला तर हसायला लागल्या. "अगं मी जॉइनिंगच्या आदल्या शुक्रवारीच तात्पुरता कोड हाताने काढून आयटीला द्यायचे." हे लिस्टमध्ये नव्हतं, त्यांच्या डोक्यात होतं, आणि ताईंबरोबर गेलं.

तोड फार अवघड नव्हती. ऑफर स्वीकारली की पॅन, आधार आणि बँकेची माहिती पर्सनल ईमेलवरच घ्यायची, पोर्टलची लिंकही तिथेच पाठवायची, जॉइनिंगच्या पाच दिवस आधी कोड, दोन दिवस आधी ईमेल, म्हणजे आयटीला लॅपटॉप सेट करायला पुरता एक दिवस राहतो. आणि 'लॅपटॉप दिला' ही ओळ काढून 'नवीन माणसाने स्वतः लॉगिन करून बघितलं' अशी लिहिली, टिक त्यानेच करायची, आयटीने नाही.

डाव्या भिंतीशी एकूण नऊ पट्ट्या निघाल्या ज्यांना माणूस ऑफिसात असायची गरजच नव्हती, पण लिस्टमध्ये त्या सगळ्या पहिल्या दिवशी कोंबलेल्या. त्यात सगळ्यात महागात पडली ती पीएफची. आधी पीएफमध्ये नसलेल्याचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, आम्हीच काढून द्यायचो, पण ऑगस्ट २०२५ पासून त्याला स्वतःला उमंग ॲपमध्ये चेहरा दाखवून काढावा लागतो, आणि त्यासाठी आधारला जोडलेल्या मोबाईलवर ओटीपी येतो. आमच्या लिस्टमध्ये मात्र 'फॉर्म ११ भरून घेणे' एवढंच होतं. त्या पोराच्या आधारला नंबर वडिलांचा. गुरुवारी तीन वाजता ओटीपी गेला उदगीरला, वडील रानात, फोन घरी चार्जिंगला. आणि तो गुरुवार म्हणजे २० तारीख, आमच्या पेरोलची शेवटची तारीख! कार्ड हातात नाही म्हणून पंचिंग नाही, पंचिंग नाही म्हणून हजेरी नाही, बँकेची माहिती पोर्टलवर नाही. त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्यात ॲरियर्स म्हणून गेला. रूमचं डिपॉझिट भरून बसलेल्या पोराला हे सांगताना मला कसंतरीच झालं. आता ऑफरनंतरच्या पहिल्याच मेलमध्ये विचारतो, आधारला नंबर कोणाचा आहे, तुमच्याजवळ आहे का. आणि २० तारखेच्या आत काय काय व्हायलाच पाहिजे ते लिस्टमध्ये वेगळं रंगवलंय.

कॉन्टॅक्टचं प्रकरण तर विचारूच नका. लिस्टमध्ये ११ ठिकाणी 'संपर्क' होता. मी एका सकाळी नवीन माणूस असल्यासारखं प्रत्येक नंबर लावला, प्रत्येक आयडीवर मेल टाकला आणि संध्याकाळपर्यंत वाट बघितली. आयटी हेल्पडेस्कचं एक्स्टेंशन वाजत होतं पण जुन्या मजल्यावर, जिथे आता आमचं सामान पडलंय. पेरोलच्या ग्रुप आयडीत दोन मेंबर, दोघंही नोकरी सोडून गेलेले, म्हणजे मेल परत येत नाही, नुसता आत पडून राहतो, आणि पाठवणाऱ्याला वाटतं पोचला. हे परत येण्यापेक्षा वाईट. एका ठिकाणी नुसतं 'ॲडमिन' लिहिलेलं, ॲडमिनमध्ये सहा माणसं. बडी म्हणजे नव्या माणसाला सुरुवातीला सोबत करणारा सहकारी, त्याच्या जागी 'नंतर ठरवू'. आणि लैंगिक छळाच्या तक्रारीसाठीच्या समितीच्या यादीत अध्यक्ष म्हणून ज्या मॅडमचं नाव होतं त्या राजीनामा देऊन गेलेल्या. दहा किंवा जास्त माणसं असली की ही समिती कायद्याने लागतेच, आणि तक्रारीला तीन महिन्यांची मुदत असते, तिथे चुकीचं नाव म्हणजे फक्त गैरसोय नाही. ते मी त्याच दिवशी माझ्या वरच्या मॅडमकडे नेलं, बाकीच्या लिस्टसाठी थांबले नाही.

आता नुसतं नाव लिहीत नाही. आधी प्रश्न लिहितो, 'कार्ड चालत नाही', 'पगाराचं विचारायचंय', आणि पुढे कोणाकडे जायचं, तो रजेवर असेल तर दुसरा कोण, आणि शेवटचं कधी तपासलं ती तारीख. नावं बदलणारच, त्यामुळे दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी फोन लावून बघायचं काम माझ्याकडे. कंटाळवाणं आहे, पण २० मिनिटांत होतं.

मॅनेजर लोकांचा विरोध झाला, अपेक्षित होता. लिस्ट ३४ वरून ४१ ओळींची झाली, तर एक सर म्हणाले तुम्ही कमी करणार होतात ना? त्यांना फक्त पहिल्या दिवसाचं दाखवलं, १९ कामांवरून ८ वर आलं होतं. त्यांच्या वाट्याला चारच ओळी आल्या: पहिल्या दिवशी अर्धा तास बोलणं, दुसऱ्या दिवसापर्यंत एक छोटं खरं काम, बुधवारी विचारपूस, शुक्रवारी पुढच्या आठवड्याचं. बुधवारची विचारपूस अजूनही निम्मे जण विसरतात.

नवी लिस्ट पहिल्यांदा वापरली जानेवारीत. २२ तारखेला गुरुवारी एक मुलगी जॉइन झाली, सव्वादहाला लॅपटॉप सुरू, दुपारी बडीबरोबर जेवायला गेली. मी खूश. आणि शनिवारी सकाळी बडीचा मला फोन, "मला रिमाइंडर आलाय, टीमशी ओळख करून द्या, आज कोणाशी करून देऊ?" आम्ही लिहिलेलं 'दिवस ३', सिस्टीमने तारखा मोजल्या आणि शनिवार धरला, आणि 'दिवस ५' पडला सोमवारी २६ जानेवारीला. सोमवारीच जॉइन करतात हे आम्ही मनात धरून बसलो होतो, 'बुधवारची विचारपूस' हीसुद्धा त्यातलीच. आता सगळीकडे 'कामाचा दिवस ३' असं केलंय. तिचं कार्ड मात्र मुख्य दाराला चालत होतं आणि चौथ्या मजल्यावरच्या कँटीनला नाही, ते दोन दिवस बडीच उघडून देत होती. ती ४२वी ओळ.